मध्यापासून दूर जाताना दुकानं खरंच घटतात का?

तालुक्याच्या कुठल्याही गावात भर बाजारपेठेतून बाहेरच्या नाक्याकडे चालत निघालं, की दुकानं विरळ होत जाताना दिसतात. आधी एकमेकांना चिकटलेली कापडाची, भांड्यांची, सराफांची दुकानं. मग त्यांच्या मध्ये एखादा बंगला, एखादा दवाखाना. पुढे कुंपणाच्या भिंती, मोकळे प्लॉट, एखादं गॅरेज. ‘मध्यापासून जितकं दूर, तितकी दुकानं कमी’ हे विधान त्यामुळे अगदी उघड वाटतं आणि भूगोलाच्या क्षेत्रभेटीसाठी मुलं ते आनंदानं निवडतात.

प्रत्यक्ष मोजणी झाली की अडचण सुरू होते. दहा ठिकाणी दुकानं मोजली तर त्यातली दोन-तीन ठिकाणं हमखास शिस्त मोडतात. ऐन चौकात पुतळा आणि पोलीस चौकी असल्यामुळे तिथे दुकानं थोडी कमीच निघतात, आणि पार टोकाला बायपासच्या फाट्यावर अचानक गर्दी दिसते. मग अहवालात ‘साधारणपणे दुकानं कमी होत गेलेली दिसतात’ असं मोघम वाक्य येतं. साधारणपणे म्हणजे किती? आणि जो कल दिसतो तो त्या रस्त्याचाच आहे, की मुलं जिथे उभी राहिली त्या दहा जागांचा योगायोग? या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यात देता येतात. त्याला लागणारं गणित दहावीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे.

ही पद्धत चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. लष्करात इंजिनिअर अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढल्यावर ती नोकरी सोडून तो जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्र शिकायला गेला. १९०४ साली त्यानं दोन गोष्टींमधला संबंध कसा मोजावा यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्यापुढचा प्रश्न शाळकरी मुलांचा होता: वर्गात हुशार समजली जाणारी मुलं आवाज, उजेड आणि वजन यांतले बारीक फरक ओळखण्यातही पुढे असतात का? हुशारी फूटपट्टीनं मोजता येत नाही, पण कोण कोणाच्या पुढे हे शिक्षक सांगू शकतात. म्हणून त्यानं मापांऐवजी क्रमांकांची तुलना केली. भूगोलाच्या मंडळींनी हीच युक्ती रस्त्यावर आणली.

सूत्राकडे जाण्याआधी मोजणीकडे नीट पाहायला हवं, कारण निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. पहिला निर्णय मध्य कुठला हा. आपल्याकडच्या गावांत तो सोपा नसतो. जुनी पेठ एका बाजूला, एसटी स्टँड दुसऱ्या बाजूला आणि नवी भाजी मंडई तिसरीकडे, असं चित्र सर्रास दिसतं. जिथे जागेचा भाव आणि माणसांची वर्दळ सर्वांत जास्त, तो चौक मध्य मानावा हा नियम बरा. पण कुठलाही नियम धरा, तो मोजणीच्या आधी धरा. आकडे हातात आल्यावर ‘मध्य थोडा अलीकडे घेतला तर कल छान दिसतो’ असं म्हणून मध्य सरकवला, तर पुढचं सगळं गणित बाद होतं.

दुसरा निर्णय दुकान कशाला म्हणायचं. टपरी धरायची का? हातगाडी? पहिल्या मजल्यावरचा शिकवणी वर्ग? दुपारी शटर ओढलेलं दुकान? माझं मत असं की तळमजल्यावरचं, पक्कं, रस्त्याकडे दार असलेलं आणि बोर्ड किंवा माल यांवरून चालू असल्याचं कळणारं प्रत्येक दुकान धरावं, मग त्या क्षणी शटर खाली का असेना. हातगाड्या वेगळ्या रकान्यात मोजाव्यात. कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार ज्या रस्त्याकडे उघडतं त्या रस्त्याला ते द्यावं. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, नाहीतर त्या दिवसापुरता मध्य भलताच फुगतो. आणि दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे जुळवावेत. न जुळले तर तिथल्या तिथे पुन्हा मोजावं, घरी येऊन सरासरी काढू नये.

तिसरी गोष्ट लांबीची. प्रत्येक ठिकाणी सारख्याच लांबीचा तुकडा हवा, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू धरून १०० मीटर. ‘या चौकापासून त्या चौकापर्यंत’ असे तुकडे पाडले तर लांब तुकड्यात दुकानं जास्त येणारच, आणि ती अंतरामुळे नव्हे, लांबीमुळे येतात. ठिकाणंही आवडीनं निवडू नयेत. दर २०० मीटरवर थांबायचं ठरलं की तिथेच थांबावं, समोर स्मशानभूमीची भिंत असली तरी.

आता एक उदाहरण सोडवू. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून मी मांडले आहेत, ते कुठल्या एका गावाचे नाहीत. पण अशा रस्त्यांवर जे घडतं ते त्यांत आहे. मुख्य चौकापासून निघणारा एकच रस्ता, त्यावरची दहा ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी १०० मीटरच्या तुकड्यातली दुकानं. अंतर रस्त्यानं चालत मोजलेलं.

| ठिकाण | अंतर (मीटर) | दुकानं | अंतराचा क्रमांक | दुकानांचा क्रमांक | फरक | फरकाचा वर्ग |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | १०० | ३८ | १ | ९ | −८ | ६४ |
| २ | ३०० | ४१ | २ | १० | −८ | ६४ |
| ३ | ५०० | २९ | ३ | ८ | −५ | २५ |
| ४ | ७०० | २२ | ४ | ६.५ | −२.५ | ६.२५ |
| ५ | ९०० | २२ | ५ | ६.५ | −१.५ | २.२५ |
| ६ | ११०० | १४ | ६ | ४ | २ | ४ |
| ७ | १३०० | ९ | ७ | ३ | ४ | १६ |
| ८ | १५०० | ६ | ८ | २ | ६ | ३६ |
| ९ | १७०० | १९ | ९ | ५ | ४ | १६ |
| १० | १९०० | ३ | १० | १ | ९ | ८१ |

परीक्षेनंतर वर्गात नंबर लावतात तसे इथे दोन्ही रकान्यांना नंबर लावले आहेत. फक्त एक पथ्य पाळायचं: दोन्हीकडे एकाच दिशेनं. इथे सर्वांत लहान आकड्याला १ दिला आहे, अंतरालाही आणि दुकानांनाही. एकीकडे लहानापासून आणि दुसरीकडे मोठ्यापासून नंबर लावले तर उत्तराचं चिन्ह उलटं येतं, आणि घटणारी दुकानं वाढताना दिसतात. ही चूक वारंवार होते. ओळखायची खूण सोपी: आलेखावरचे ठिपके उजवीकडे उतरत असतील आणि उत्तर धन आलं, तर नंबर उलटे लागले आहेत.

चौथ्या आणि पाचव्या ठिकाणी २२-२२ दुकानं आहेत. त्यांना सहावा आणि सातवा क्रमांक वाटून घ्यायचा आहे, म्हणून दोघांनाही ६.५. त्यानंतरच्या २९ला थेट ८. फरकांचा रकाना भरल्यावर त्याची बेरीज करून पाहावी. ती शून्यच यायला हवी. आली नाही तर कुठेतरी नंबर चुकला आहे, आणि तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फरकांचे वर्ग करून बेरीज केली की ३१४.५ येतात. हा आकडा मोठा की लहान? सूत्रात तो नुसता कोंबण्याआधी त्याचा अर्थ लावून पाहावा, कारण तिथेच या पद्धतीचा गाभा आहे. दोन्ही क्रम तंतोतंत जुळले असते, म्हणजे जवळच्या ठिकाणी सर्वांत कमी आणि लांबच्या ठिकाणी सर्वांत जास्त दुकानं असती, तर प्रत्येक फरक शून्य आणि बेरीजही शून्य. क्रम तंतोतंत उलटे असते तर दहा ठिकाणांसाठी बेरीज ३३० झाली असती; त्यापेक्षा मोठी ती होऊच शकत नाही. आणि दोन्ही क्रमांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर ती बरोबर मध्यावर, १६५च्या आसपास, रेंगाळली असती. आपले ३१४.५ हे ३३०च्या अगदी जवळ आहेत. म्हणजे क्रम जवळजवळ पूर्ण उलटे आहेत.

सूत्र एवढंच करतं, की ० ते ३३० ही पट्टी उलटवून +१ ते −१ या पट्टीवर बसवतं. त्यामुळे ठिकाणं दहा असोत वा तीस, उत्तरांची तुलना करता येते.

```
r = 1 − 6·Σd² / ( n(n² − 1) )
  = 1 − (6 × 314.5) / (10 × 99)
  = 1 − 1887 / 990
  = −0.906
```

यात n म्हणजे ठिकाणांची संख्या आणि d म्हणजे क्रमांकांतला फरक. उत्तर −०.९०६. ऋण चिन्ह सांगतं की अंतर वाढतं तशी दुकानं घटतात, आणि १च्या जवळ असलेला आकडा सांगतो की घटण्याचा क्रम फारसा मोडत नाही. पहिल्या प्रश्नाचं, ‘साधारणपणे म्हणजे किती’ याचं, उत्तर मिळालं.

दुसरा प्रश्न योगायोगाचा. त्यासाठी असं समजा, की दुकानांचे हे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहिले, डब्यात घालून हलवले आणि डोळे मिटून एकेक चिठ्ठी एकेका ठिकाणाला दिली. आता अंतराचा दुकानांशी काहीही संबंध उरला नाही. तरीही दर वेळी गणित केलं तर उत्तर नेमकं शून्य येणार नाही. कधी +०.२, कधी −०.३, क्वचित −०.६सुद्धा. दहा चिठ्ठ्या वाटण्याचे ३६ लाख २८ हजार ८०० प्रकार आहेत. त्या सगळ्यांचा हिशोब मांडला तर कळतं, की चिन्ह कोणतंही असो, ०.६४८ किंवा त्याहून मोठं उत्तर निव्वळ योगायोगानं शंभरात फार तर पाच वेळा येतं, आणि ०.७९४ किंवा त्याहून मोठं फार तर एकदा. सांख्यिकीच्या पुस्तकांत मागे जे तक्ते असतात त्यांतले हे आकडे असेच आलेले असतात. आपलं ०.९०६ दोन्ही ओलांडून गेलं आहे. चिठ्ठ्यांच्या खेळातून असं उत्तर शंभरात एकदासुद्धा येत नाही, म्हणून योगायोगाची शक्यता बाजूला ठेवायला आपल्याला आधार आहे.

याच विचारातून ठिकाणं किती हवीत हेही कळतं. चारच ठिकाणं घेतली तर चिठ्ठ्या वाटण्याचे फक्त २४ प्रकार होतात. त्यातला एक पूर्ण सरळ आणि एक पूर्ण उलटा. म्हणजे उत्तर नेमकं १ किंवा −१ आलं तरी तसं योगायोगानं घडण्याची शक्यता २४त २, शंभरात आठ. शंभरात पाचची अट चार ठिकाणांवर कधीच पुरी होऊ शकत नाही, मोजणी कितीही काटेकोर असो. पाच ठिकाणं घेतली तर क्रम एकदाही न मोडता पूर्ण उलटा यावा लागतो. दुपारच्या उन्हात चार चौक मोजून आलेल्या मुलांना ‘निष्कर्ष काढा’ म्हणणं त्यामुळे अन्यायाचं आहे. त्यांच्याकडे निष्कर्ष निघण्याइतकी माहितीच नाही. दहा ही मला किमान संख्या वाटते, आणि पंधरा-वीस मिळाली तर उत्तमच.

आता कोणी विचारेल, प्रत्यक्ष आकडे हातात असताना ते टाकून क्रमांक का घ्यायचे? ३८ आणि ४१ मधला फरक तीनचा, ४१ आणि २९ मधला बाराचा. क्रमांकांत दोन्ही फरक दोन किंवा एकच्या घरात येतात. ही माहिती वाया नाही का जात? जाते. पण तिच्या बदल्यात काय मिळतं ते पाहा. समजा दुसऱ्या ठिकाणी अलीकडेच एक व्यापारी संकुल उभं राहिलं आणि तळमजल्यावरचे छोटे छोटे गाळे धरून तिथली दुकानं ४१ऐवजी १४१ झाली. मूळ आकड्यांवर चालणारी नेहमीची पद्धत कार्ल पिअरसनच्या नावानं ओळखली जाते. तिनं आधीच्या आकड्यांचं उत्तर −०.९० येतं. संकुल उभं राहताच ते −०.६१ वर घसरतं आणि त्या पद्धतीच्या तक्त्यातल्या ०.६३२ या मर्यादेच्या खाली जातं. म्हणजे बाकीच्या नऊ ठिकाणी एकही दुकान हललेलं नसताना, आणि मध्याजवळ दुकानं उलट वाढलेली असताना, ‘संबंध सिद्ध होत नाही’ असा निकाल लागतो. क्रमांकांना मात्र काही झालं नाही. १४१ हा आकडाही सर्वांत मोठाच, त्याचा क्रमांक १०च, आणि उत्तर तेच −०.९०६. बाजारपेठेचे आकडे असेच असतात, एखाद्या संकुलानं किंवा मंडईनं फुगलेले. शिवाय दुकानं एका सरळ रेषेत घटतही नाहीत. आधी भराभर आणि मग हळूहळू घटतात. आपला प्रश्न ‘घटतात का’ एवढाच असेल तर क्रमांकांची पद्धत त्या प्रश्नाला जास्त प्रामाणिक आहे.

बरीचशी वह्या इथे मिटतात. मला मात्र सर्वांत मोलाची पायरी यानंतरची वाटते: कोणतं ठिकाण क्रमात बसलं नाही ते शोधायचं. पुष्कळ जण त्यासाठी फरकाच्या रकान्यातला सर्वांत मोठा आकडा शोधतात. संबंध ऋण असताना हे साफ चुकीचं आहे. वरच्या तक्त्यात सर्वांत मोठा फरक दहाव्या ठिकाणाचा आहे, ९. पण ते तर आदर्श ठिकाण: सर्वांत लांब आणि दुकानं सर्वांत कमी. उलट्या संबंधात फरक पाहायचा नसतो, दोन क्रमांकांची बेरीज पाहायची असते. क्रम पूर्ण उलटे असतील तर प्रत्येक ठिकाणाची बेरीज सारखीच येते, ठिकाणांच्या संख्येपेक्षा एकनं जास्त. आपल्याकडे ११. आता तक्ता पुन्हा वाचा. पहिल्याची बेरीज १०, दुसऱ्याची १२, तिसऱ्याची ११, पुढे १०.५, ११.५, मग तीनदा १०. सगळी ११च्या आसपास. आणि नववं ठिकाण: ९ अधिक ५, चौदा. वेगळं पडलेलं ठिकाण हेच.

नवव्या ठिकाणी काय आहे हे गणित सांगू शकत नाही, तिथे परत जावं लागतं. तिथे बायपास रस्त्याला मिळतो. वडापावची दोन दुकानं, रसवंती, पंक्चरवाला, हार्डवेअर, खतं-बियाणांचं दुकान, मोबाइल रिचार्ज, बारमाही चहा. या दुकानांचं गिऱ्हाईक गावातून येत नाही; ते हमरस्त्यावरून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून येतं. त्यांच्यासाठी मध्य गावातला चौक नाहीच, हा फाटाच आहे. सराफाचं दुकान मात्र इथे एकही सापडत नाही. मग पुढचा चांगला प्रश्न आपोआप तयार होतो: सगळी दुकानं एकत्र न मोजता सोनं, कापड, भांडी अशी क्वचित खरेदीची दुकानं वेगळी आणि किराणा, चहा, पंक्चर अशी रोजच्या गरजेची वेगळी मोजली तर? पहिल्या गटाचा संबंध आणखी घट्ट आणि दुसऱ्याचा सैल निघावा, असा अंदाज बांधता येतो, आणि तो त्याच रस्त्यावर तपासताही येतो.

फाट्यावरची ही गर्दी आणखी वाढली तर मात्र पद्धतच कोलमडते, आणि हे आधी समजून घेतलेलं बरं. असा रस्ता घ्या जिथे दुकानं चौकातून ४०, ३०, २०, १०, ५ अशी उतरतात आणि मग दुसऱ्या बाजारपेठेकडे ६, १२, २२, ३२, ४२ अशी चढतात. यापेक्षा सुबक रचना रस्त्यावर सापडणार नाही. पण गणित केलं तर उत्तर येतं फक्त ०.१५, म्हणजे संबंध जवळजवळ नाही. कारण ही पद्धत एकच गोष्ट विचारते: एक वाढत जाताना दुसरं सतत वाढतं का, किंवा सतत घटतं का? उतरून चढणारा संबंध तिला दिसत नाही. त्यामुळे ‘उत्तर शून्याजवळ आलं’ याचा अर्थ ‘संबंध नाही’ असा लावण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढायलाच हवा. अंतर आडव्या अक्षावर, दुकानं उभ्या अक्षावर, दहा ठिपके. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सूत्राच्या आधी करायचं आहे, नंतर नव्हे.

दुसरी मर्यादा जरा खोल आहे आणि शालेय अहवालांत तिचा उल्लेख क्वचितच दिसतो. चिठ्ठ्यांच्या खेळात प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्र होती. रस्त्यावर तसं नसतं. तीनशे मीटरवरचा तुकडा आणि पाचशे मीटरवरचा तुकडा शेजारी आहेत; एकाच काळात बांधले गेले, एकाच फुटपाथवरची माणसं दोन्हीकडे जातात. कापडाचं एक दुकान नीट चाललं की शेजारी दुसरं येतं. त्यामुळे आपण मोजलेली ठिकाणं दहा असली तरी त्यांतली एकमेकांपासून स्वतंत्र माहिती दहापेक्षा कमी असते, आणि तक्ता आपल्याला वाजवीपेक्षा जास्त खात्री देतो. उत्तर −०.९०६ इतकं ठाम असेल तर फार काळजीचं कारण नाही. पण ते ०.६५च्या आसपास, मर्यादेला जेमतेम टेकलेलं असेल, तर त्यावर मोठं विधान उभं करू नये. यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे त्याच चौकातून निघणारा दुसरा रस्ता मोजणं. उत्तरेच्या रस्त्यावर जे दिसलं ते दक्षिणेच्या रस्त्यावरही दिसलं, तर त्याला तक्त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त वजन आहे. मात्र दोन्ही रस्त्यांचे आकडे एकत्र कालवू नयेत. एक हमरस्ता आणि एक गल्ली एकाच यादीत आली की अंतराऐवजी रस्त्याची रुंदीच बोलायला लागते.

आणि संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. अंतर स्वतः काहीच करत नाही. दुकानं घटतात ती पायी येणारं गिऱ्हाईक घटतं म्हणून, भाडं परवडण्याची गणितं बदलतात म्हणून, पलीकडे निवासी प्लॉट पडले म्हणून. पादचारी मोजले, दुकानदारांना भाडं विचारलं, तर त्यांचे क्रमांक लावून हीच पद्धत पुन्हा वापरता येईल. भाड्याबाबत तर ती जास्तच सोयीची. दुकानदार नेमका आकडा सांगायला बिचकतो, पण ‘त्या चौकापेक्षा इथे कमी’ एवढं सहज सांगतो, आणि आपल्याला क्रमांकच हवे आहेत.

हिशोब संगणकावर करणाऱ्यांसाठी एक सूचना. स्प्रेडशीटमध्ये अंतर A रकान्यात आणि दुकानं B रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून लिहून पुढचं करता येतं.

```
C2:  =RANK.AVG(A2, A$2:A$11, 1)
D2:  =RANK.AVG(B2, B$2:B$11, 1)
     (दोन्ही ११व्या ओळीपर्यंत ओढा)
E2:  =CORREL(C2:C11, D2:D11)
```

आपल्या आकड्यांवर याचं उत्तर −०.९०६ ऐवजी −०.९१२ येतं. दोन्ही बरोबर आहेत. फरकांच्या वर्गांचं सूत्र सगळे क्रमांक वेगवेगळे आहेत असं धरून बनवलेलं आहे, आणि आपल्याकडे २२-२२ची एक जोडी सारखी आहे. एकाच जोडीनं तिसऱ्या दशांशापुरता असा किरकोळ फरक पडतो. पण गावाबाहेर पाच-सहा ठिकाणी शून्य, शून्य, शून्य अशी दुकानं आली तर सारख्या क्रमांकांची रांग लागते, आणि तेव्हा हातानं केलेलं सूत्र चुकीचं उत्तर देतं. अशा वेळी स्प्रेडशीटचंच उत्तर घ्यावं. त्याहून बरं म्हणजे मोजणी दुकानं संपतात तिथेच थांबवावी, शेतात शून्यं गोळा करत बसू नये.

अहवालात निकाल एका वाक्यात लिहिता येतो: ‘मुख्य चौकापासून बायपासकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दर २०० मीटरवरच्या १० तुकड्यांत, अंतर आणि दुकानांची संख्या यांचा गुणानुक्रम सहसंबंध −०.९१ आहे, १ टक्का पातळीवर तो योगायोगाचा मानता येत नाही.’ याच्याखाली नवव्या ठिकाणाबद्दल दोन ओळी आणि दुकान कशाला म्हटलं त्याची व्याख्या हवी. आणि भूगोलाच्या शिक्षकांना एक विनंती: मुलांनी रस्त्यावर उभं राहून भरलेला मूळ कागद, तुकड्यांच्या हद्दी आणि तारखेसह, अहवालाला जोडून ठेवा. पाच वर्षांनी येणारी तुकडी त्याच दहा जागी उभी राहून मोजू शकेल, आणि गावाचा मध्य सरकला आहे का हे तिला सांगता येईल.